जुन्या बुटांचा झिजलेला सोल कसा वाचायचा आणि त्यावरून पुढची जोडी कशी निवडायची

बूट उलटा केला की बहुतेकांना पहिल्यांदा दिसते ती टाचेची मागची बाहेरची कड घासलेली, आणि तिथेच लोक ठरवून टाकतात की माझा पाय बाहेर कलतो, मला आता स्पेशल बूट लागणार. दुकानातही कितीतरी वेळा हेच सांगितलं जातं. पण टाचेची मागची बाहेरची कड झिजणं हे अगदी नॉर्मल चालणाऱ्या माणसाच्या बुटातही असतंच. पाय हवेतून खाली येताना तळवा किंचित आत वळलेला असतो, त्यात आपल्यापैकी बहुतेकांची पावलं सरळ समोर नसून थोडी बाहेर, साधारण ५ ते १० अंश वळलेली पडतात, मग जमिनीला सगळ्यात आधी टेकणार तो मागचा बाहेरचा कोपराच. त्यामुळे सोल वाचायला या एका खुणेपासून सुरुवात करायची असली तरी तिच्यावर थांबायचं नाही, खरी माहिती पुढे चवड्याखाली, बाजूच्या फोममध्ये आणि आतल्या गादीवर असते.

अजून एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून घ्या कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रबर नुसत्या वजनाने फारसं झिजत नाही, रबर झिजतं ते घासल्याने. टाच टेकते त्या क्षणी पाय अजून थोडा पुढे सरकत असतो, म्हणून तिथे घासलं जातं, आणि पाऊल उचलताना चवडा थोडा फिरतो किंवा मागे घसरतो, म्हणून तिथे घासलं जातं. मधल्या काळात अख्ख्या शरीराचं वजन एका पायावर असतं पण पाय जागेवर स्थिर असतो, तेव्हा रबरावर जवळजवळ काहीच उमटत नाही. वजन कुठे पडलं ते बघायचं तर दबलेला फोम आणि आतली गादी बघायची. म्हणजे सोलचं रबर तुम्हाला सांगतं की पाय कुठे घासला आणि फोम सांगतो की वजन कुठे पडलं. या दोन वेगळ्या नोंदी आहेत, दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर विश्वास ठेवायचा, आणि दोन्हींत फरक असेल तर जरा थांबून विचार करायचा.

आधी जोडी कोणती घ्यायची

रोज वापरातली, तुमच्याच पायात राहिलेली, आणि मध्यम झिजलेली जोडी घ्या. पार संपलेली जोडी वाचायला वाईट, कारण एकदा का टाच एका बाजूला ३-४ मिलिमीटर उतरली की बूटच तिरपा होतो, मग तो तिरपा बूट पायाला आणखी त्याच बाजूला ढकलतो आणि झीज स्वतःच स्वतःला वाढवत जाते. शेवटच्या दोन महिन्यांत जे झिजलं ते तुमच्या चालीपेक्षा त्या वाकड्या बुटाचंच जास्त असतं. म्हणून सोलची नक्षी काही ठिकाणी पुसली गेलीय पण आतला फोम अजून उघडा पडलेला नाही, अशा अवस्थेतली जोडी सगळ्यात खरं बोलते.

दुसऱ्याने वापरलेले, कोणी ऑफिसला घालून गेला मग भावाने घातले असले बूट बाजूला ठेवा. आणि कपाटात दोन-तीन पावसाळे काढलेल्या बुटाचा सोल अचानक भुगा होऊन पडला असेल तर त्याचा चालण्याशी संबंध नाही, ते पीयू नावाचं मटेरियल असतं, दमट हवेत त्याची आतून रासायनिक मोडतोड होते, कोकणात आणि मुंबईत तर हे हमखास होतं.

सोल ब्रशने धुऊन पूर्ण वाळवा. माती भरलेल्या नक्षीत खोली कळत नाही.

टेबलावर ठेवून मागून बघा

दोन्ही बूट सपाट टेबलावर किंवा गुळगुळीत फरशीवर शेजारी शेजारी ठेवा, टाचा तुमच्याकडे, आणि डोळे बुटाच्या उंचीला आणा. मोबाईल टेबलावरच टेकवून फोटो काढला तर आणखी बरं, फोटोत तिरकेपणा पटकन दिसतो. टाचेला मागून धरणारा जो कडक कप असतो, दुकानात ज्याला हील काउंटर म्हणतात, तो सरळ उभा आहे का आत किंवा बाहेर कललाय ते बघायचं. मग बोटाने बुटाची वरची कड एकदा आतून, एकदा बाहेरून हलकेच दाबा. बूट डुगडुगत असेल तर कुठल्या बाजूला झुकतो ते लक्षात येतं. नवा बूट असा डुगडुगत नाही, आणि जर डुगडुगला तर तो कंपनीतूनच वाकडा आलाय, ते पुढे खरेदीच्या वेळी कामाला येईल.

आता बाजूने बघा, रबराच्या वरचा तो मऊ फोमचा थर, मिडसोल. टाचेच्या आतल्या बाजूला आणि बाहेरच्या बाजूला त्याच्यावर आडव्या सुरकुत्या पडलेल्या दिसतील. दोन्हीकडे सारख्या असतील तर वजन मधोमध पडतंय. आतल्या बाजूला सुरकुत्या दाट आणि खोल, तिथला थर अंगठ्याने दाबला तर कडक लागतो, म्हणजे तिथला फोम दबून मेलाय आणि परत फुगत नाही, तर पाय टेकल्यावर आत कोसळतोय. बाहेरच्या बाजूला तसं असेल तर उलटं. मला विचाराल तर या सुरकुत्या सोलच्या झिजेपेक्षा जास्त भरवशाच्या, कारण इथे घसरण्याचा गोंधळ नाही.

मग सोल उलटा करून टाच आणि चवडा वेगवेगळे वाचा

टाचेवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि झिजलेल्या जागी पट्टीखाली किती फट राहते ते बघा, फटीत नाणी सरकवून बघितली तरी अंदाज येतो. मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात फट आहे आणि ती टाचेच्या मधल्या रेषेच्या थोडी अलीकडे संपतेय, दोन्ही पायांत साधारण सारखी, तर टाचेबद्दल बोलण्यासारखं काही नाही. फट मधल्या रेषेच्या पलीकडे आतल्या बाजूला असेल तर ते खरंच वेगळं आहे, टाच आतल्या कडेने उतरतेय. फट बाहेरच्या कडेने पुढे पुढे, करंगळीपर्यंत अखंड चालत गेली असेल तर पाय बाहेर टेकल्यावर आत वळलाच नाही, बाहेरच्या कडेवरच लोळत पुढे गेला.

चवडा म्हणजे पावलाचा बोटांच्या मागचा रुंद भाग, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. साधारण चालीत झीज चवड्याच्या मधोमध, थोडी आतल्या बाजूला असते आणि अंगठ्याखाली एक छोटा ठसा असतो, कारण शेवटचा जोर अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटातून निघतो. फक्त अंगठ्याच्या मुळाशी आणि आतल्या कडेने जास्त झीज असली आणि जोडीला आतला फोमही दबलेला असला तर पाऊल आत जास्त झुकतंय असं म्हणता येतं. करंगळीच्या मुळाशी खड्डा आणि अंगठ्याखाली नक्षी अजून नवीकोरी, तर पाऊल बाहेरच राहतंय, असे पाय बऱ्याचदा उंच कमानीचे आणि ताठ असतात, किंवा अंगठ्याचा सांधा दुखतो म्हणून माणूस नकळत त्याच्यावर जोर द्यायचं टाळत असतो. दुसऱ्या शक्यतेसाठी बुटाच्या वरच्या बाजूची घडी बघा, चालताना बोटांपाशी पडणारी घडी साधारण आडवी असते, ती जर एकदम तिरपी, आतून पुढे आणि बाहेरून मागे अशी गेली असेल तर अंगठा पुरेसा वाकत नाहीये असं समजा.

मधोमध, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी गोल डाग पडलाय, गुळगुळीत, जणू कोणी तिथे फिरवून घासलाय, तर खरंच तसंच झालेलं असतं. टाच उचलली की पाऊल जागच्या जागी आत किंवा बाहेर गिरकी घेतं. हे पोटरी आखडलेल्या लोकांत खूप दिसतं, घोटा पुढे वाकायला तयार नाही म्हणून शरीर दुसरा रस्ता शोधतं.

आणि बुटाचं टोक. टोकाचं रबर घासून वर चढलं असेल तर पाऊल पुढे नेताना पूर्ण उचललं जात नाहीये. दोन्ही पायांत थोडं असेल तर बूट जड किंवा मोठा आहे, किंवा जिन्यांची, चढाची सवय आहे, किंवा पोटरी आखडलीय. एकाच पायात असेल तर ही या अख्ख्या तपासणीतली सगळ्यात महत्त्वाची खूण आहे, तिच्याबद्दल खाली वेगळं लिहितो.

आतली गादी बाहेर काढा

बहुतेक स्पोर्ट्स शूजची इनसोल निघते. ती उजेडात तिरपी धरा. टाचेचा खोलगट ठसा, चवड्याचे खड्डे, बोटांचे डाग, सगळं तिथे छापलेलं असतं. अंगठ्याचा ठसा गादीच्या पार टोकाला गेलेला असेल तर बूट तुम्हाला लहान होता, तेव्हा पुढची जोडी निवडताना चालीचा विचार नंतर, आधी साइज. करंगळीचा ठसा गादीच्या कडेवरून बाहेर ओघळला असेल तर बूट अरुंद होता. भारतात एवढे लोक अर्धा-एक नंबर लहान आणि अरुंद बूट घालतात की माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतील.

हवाई चप्पल असेल तर ती नक्की बघा, तिचं रबर मऊ असल्याने पायाचा ठसा इतका स्पष्ट उमटतो की महागड्या बुटातही तसा मिळत नाही. कोल्हापुरीच्या कातड्यावरही छान उमटतो. फक्त चपलेच्या टाचेची झीज बुटाशी ताडून बघू नका, चप्पल मागून मोकळी असते, टाच फटफटते आणि घसटते, त्यामुळे मागची कड सगळीकडूनच झिजते. चपलेत बघायचं ते डावं-उजवं सारखं आहे का एवढंच.

डावा आणि उजवा, आणि मग दुसरी जोडी

दोन्ही पाय हुबेहूब सारखे कोणाचेच नसतात, थोडा फरक असतोच. पण फरक लांबून दिसण्याइतका असेल तर लगेच शरीराकडे बोट दाखवायच्या आधी सवयी तपासा. बाईक चालवता का? डाव्या बुटाच्या वर अंगठ्यापाशी जो काळा घासलेला पट्टा असतो तो गिअरचा. स्कूटरवर सिग्नलला पाय टेकवत, घासत थांबायची सवय असेल तर ज्या बाजूचा पाय टेकवता त्याच बुटाची टाच आणि बाहेरची कड जास्त जाते. कार चालवणाऱ्यांच्या उजव्या टाचेचा मागचा भाग मॅटवर टेकून टेकून खरवडतो. हे सगळं चालण्यातलं नाही पण सोलवर छापलं जातं.

म्हणून माझा नियम असा आहे की एका जोडीवरून काहीही ठरवायचं नाही. बाहेर चालायचे बूट, ऑफिसचे बूट किंवा सँडल, आणि घरातली स्लिपर, तिन्ही शेजारी मांडायच्या. जी खूण तिन्हींत दिसते ती तुमच्या पायाची. जी एकाच जोडीत दिसते ती त्या जोडीची, किंवा ती घालून तुम्ही जे करता त्याची.

मावशीचे बूट

हे सगळं एकत्र कसं वापरायचं ते एका खऱ्या उदाहरणावरून सांगतो. माझी नाशिकची मावशी, साठीच्या जवळ आलेली, रोज पहाटे कॉलनीच्या रस्त्याने चालायला जाते. उजवा घोटा आतल्या बाजूने संध्याकाळी दुखायचा, आणि एका दुकानात तिला सांगितलं की तुमचे पाय फ्लॅट आहेत, आत आधार दिलेले महाग बूट घ्या. घ्यायच्या आधी तिने जुने बूट माझ्याकडे आणून ठेवले.

टेबलावर ठेवले तर दोन्ही बूट एकाच दिशेला, डावीकडे कललेले. डाव्या बुटाची टाच बाहेरून चांगली ४ मिलिमीटर उतरलेली आणि ती झीज बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत गेलेली. उजव्या बुटाची टाच मात्र मधोमध झिजलेली, चवडा आतल्या कडेने घासलेला आणि आतल्या बाजूच्या फोमवर दाट सुरकुत्या. म्हणजे डावा पाय बाहेर पडतोय आणि उजवा आत. पाय फ्लॅट असते म्हणून हे झालं असतं तर डावा पाय असा उलटा वागला नसता, निदान दोन्हींचा कल तरी साधारण सारखा दिसला असता.

असा नमुना दिसला की दोन शक्यता सगळ्यात आधी तपासायच्या. एक म्हणजे डावा पाय थोडा आखूड असणं, कारण लांब पाय आत कोसळून आपली उंची कमी करायला बघतो आणि आखूड पाय बाहेरच्या कडेवर राहतो. दुसरी म्हणजे उतरता रस्ता. आपले डांबरी रस्ते मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरते बांधलेले असतात, पाणी वाहून जावं म्हणून. डाव्या कडेने चालणाऱ्याच्या पायाखाली जमीन कायम डावीकडे उतरलेली असते, त्यात डाव्या पायाची बाहेरची बाजू खाली जाते आणि उजव्या पायाची आतली बाजू खाली जाते. दोन्ही शक्यतांत बुटावर उमटणारं चित्र जवळपास एकच.

इथे घरातली स्लिपर कामाला आली. पाय आखूड असता तर स्लिपरमध्येही डावं-उजवं वेगळं दिसायला हवं होतं, पण तिच्या दोन्ही स्लिपर अगदी सारख्या दबलेल्या. लग्नाकार्याच्या सँडलही सारख्याच. म्हणजे प्रश्न पायाचा कमी, रस्त्याचा जास्त. विचारल्यावर कळलं की ती जातानाही डाव्या कडेने जाते आणि परत येतानाही वळून परत डाव्याच कडेने येते, वर्षानुवर्षं. म्हणजे उतार एकदाही बदलत नाही.

तिला आधारवाले बूट घेतले असते तर उजव्याला कदाचित थोडं बरं वाटलं असतं पण डावा पाय, जो आधीच बाहेर पडतोय, तो आणखी बाहेर ढकलला गेला असता. त्याऐवजी साधे, रुंद तळाचे, टाचेला घट्ट धरणारे बूट घेतले आणि चालायची जागा बदलली, शक्य तेव्हा मैदानात, नाहीतर एक दिवस डाव्या आणि एक दिवस उजव्या कडेने. उजव्या कडेने चाललं की गाड्या समोरून येताना दिसतात हा वेगळा फायदा. काही आठवड्यांत घोट्याची कुरकुर कमी झाली, आणि नव्या जोडीचा सोल दोन्हीकडे सारखा झिजतोय.

सोलवरून अंदाज आला की पायावर पडताळा

सोल शंका देतो, पुरावा पाय देतो. तीन सोप्या गोष्टी घरी करता येतात.

पोटरी आणि घोट्यासाठी भिंतीसमोर उभे राहा, एक पाऊल पुढे, अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का बघा. टेकत नसेल, किंवा एका बाजूला टेकतो आणि दुसऱ्या बाजूला बराच कमी पडतो, तर टोकाची झीज आणि चवड्यावरची ती गिरकीची खूण कुठून आली ते समजतं, आणि तिथे बूट बदलण्यापेक्षा पोटरी ताणायचा रोजचा व्यायाम जास्त काम करेल.

मग एका पायावर उभं राहून, भिंतीला बोटं टेकवून, टाच उचला, असं काही वेळा करा. उचलताना टाच मागून बघणाऱ्याला थोडी आत वळताना दिसली पाहिजे. आतल्या बाजूने सोल झिजलेल्या माणसाला हे जमत असेल तर पाय झुकतो पण स्नायू आपलं काम करतायत.

तिसरं म्हणजे कोणाला तरी मागून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, कॅमेरा घोट्याच्या उंचीवर, अनवाणी एकदा आणि बुटात एकदा, आणि स्लो करून बघा. पहिली काही पावलं सोडून द्या, कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस वेगळाच चालतो.

ओला पाय फरशीवर उमटवून कमान बघायची जुनी पद्धत आहे, ती उभ्या पायाचा आकार सांगते, चालताना काय होतं ते नाही, म्हणून मी तिला फार किंमत देत नाही.

बूट नाही, डॉक्टर

काही खुणा दिसल्या तर दुकानात जाऊ नका. एकाच बुटाचं टोक नव्याने घासायला लागलंय, पाऊल फरशीवर थपकन आपटतं, तर पाऊल वर उचलणारी नस किंवा कंबरेतला मणका तपासायला हवा. हे अचानक झालं असेल आणि सोबत त्याच बाजूचा हात किंवा चेहरा कमजोर वाटत असेल तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल. एकाच पायाची कमान गेल्या काही महिन्यांत बसत चाललीय, घोट्याच्या आत सूज आहे आणि त्या पायावर एकट्याने टाच उचलता येत नाही, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, तो आतल्या बाजूचा कमानीला धरून ठेवणारा स्नायुबंध असू शकतो आणि लवकर कळलेला चांगला.

डायबेटिस असणाऱ्यांनी तर इनसोल दर आठवड्याला बघावी, सोलपेक्षाही आधी. एका जागी खोल खड्डा किंवा ओलसर काळपट डाग दिसला आणि पायाला तिथे काहीच जाणवत नसेल तर तळव्यावर त्याच जागी भोवरी किंवा जखम आहे का ते लगेच बघा. अशा पायांसाठी आपल्याकडे एमसीआर रबराच्या मऊ चपला मिळतात, डॉक्टरांना विचारून त्या किंवा साच्यावर बनवलेली गादी घ्या, स्वतःच्या अंदाजाने बूट घेऊ नका.

आता नवी जोडी

आधी एक गोष्ट सांगतो जी दुकानात सहसा सांगत नाहीत. पाय आत झुकतो म्हणजे दुखापत होणारच आणि म्हणून आधारवाला बूट हवाच, हे इतकं सरळ नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावणाऱ्यांना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर बघितलं, २०१४ मध्ये तो अभ्यास छापून आला, आणि आत झुकणाऱ्या पायांना जास्त दुखापती झाल्याचं काही दिसलं नाही. अमेरिकन सैन्यात भरती झालेल्यांना तळव्याच्या आकारावरून बूट वाटून बघितले, त्यानेही दुखापतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट लक्झेंबर्गच्या २०१६ च्या अभ्यासात आत झुकणाऱ्यांना आधारवाल्या बुटांचा फायदा दिसला. म्हणून सोल बघून पायाला एक शिक्का मारायचा आणि त्याच शिक्क्याचा बूट घ्यायचा असं करू नका. जुन्या जोडीत काही दुखत नव्हतं आणि झीज दोन्हीकडे सारखी होती तर झीज कशीही असो, त्याच प्रकारचा बूट परत घ्या.

दुखत असेल, किंवा जोडी फार लवकर एका बाजूला उतरत असेल, तेव्हा खुणांचा उपयोग. आतला फोम दबलेला आणि आतला चवडा झिजलेला असेल तर असा बूट बघा ज्याचा टाचेमागचा कप अंगठ्याने दाबला तरी सहज चेपत नाही, ज्याचा तळ टाचेपाशी रुंद आहे, आणि जो टॉवेलसारखा पिळला जात नाही. काही बुटांत आतल्या बाजूचा फोम मुद्दाम जास्त कडक असतो, वेगळ्या रंगाचा दिसतो, तो पायात घालून आरामशीर वाटला तरच घ्या. बाहेरची कड अखंड झिजलेली असेल तर नेमका हा आतला कडक फोम टाळायचा, मऊ गादीचा, रुंद तळाचा साधा बूट घ्यायचा. चवड्याच्या मधोमध खड्डा असणाऱ्यांनी उंच टाच सोडावी आणि चवड्याखाली जाड फोम, पुढून थोडा वर वळलेला तळ बघावा. टोक झिजवणाऱ्यांनी हलका बूट, आणि पुढे जास्तीची जागा नको.

साइजसाठी घरून तयारी करून जा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रूपरेषा पेन्सिल उभी धरून काढा आणि कापून घ्या. दुकानात बुटाची इनसोल काढून त्यावर तो कागद ठेवा. कागद कुठेही कडेबाहेर जायला नको आणि सगळ्यात लांब बोटापुढे साधारण १ सेंटिमीटर जागा हवी, लांब बोट अंगठाच असतो असं नाही, खूप जणांचं त्याच्या शेजारचं असतं. मोठ्या पावलाच्या मापाने बूट घ्या. मग नवा बूट दुकानातल्या सपाट काउंटरवर ठेवून मागून बघा, डुगडुगला किंवा टाच तिरपी दिसली तर तीच साइज दुसऱ्या खोक्यातली मागा, लाजू नका. बूट वाकवला तर तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधे कमानीपाशी मोडत असेल तर ठेवून द्या. घालून पाचेक मिनिटं चाला, जिना असेल तर चढून उतरून बघा. घातल्याबरोबर जिथे टोचतं ते वापरून मोकळं होईल हे कातड्याच्या बाबतीत थोडंफार खरं, स्पोर्ट्स शूजच्या बाबतीत नाही.

जुने बूट एकदम टाकू नका, पहिले दोन आठवडे नवे-जुने आलटून पालटून घाला, पाय वर्षभर तिरप्या तळावर चाललेला असतो. पळणाऱ्यांसाठी एका जोडीचं आयुष्य ढोबळ मानाने ५०० ते ८०० किलोमीटर धरतात, चालणाऱ्याचे बूट जास्त टिकतात, पण किलोमीटरपेक्षा टेबलावरची ती डुगडुग बघा, ती आली की जोडी संपली. कातडी बुटाची टाच मात्र मोची काकांकडून वेळेत, फक्त वरचा थर गेलाय तेव्हाच बदलून घ्या, आणि दोन्ही बुटांची एकदम, नाहीतर दोन टाचांच्या उंचीत फरक राहतो.

आणि नवी जोडी पहिल्यांदा घालायच्या आधी नेलपॉलिशचे छोटे ठिपके सोलवर द्या, टाचेच्या मागच्या कडेवर बाहेर, मधे, आत असे तीन आणि चवड्यावर तसेच तीन, दोन्ही बुटांना सारख्याच जागी, नक्षीच्या उंच भागावर. फोटो काढून ठेवा. रोज चालत असाल तर काही दिवसांतच कुठले ठिपके आधी गेले ते दिसायला लागेल. टाचेचा बाहेरचा ठिपका पहिला जाणारच, तो सोडून द्या, चवड्यावरचा कुठला आधी गेला आणि डाव्या-उजव्यात क्रम वेगळा आहे का तेवढं लिहून ठेवा. क्रम वेगळा निघाला तर रस्त्याची कड किंवा रूट बदला, ठिपके पुसून पुन्हा द्या आणि परत बघा, रस्ता बदलूनही तोच क्रम आला तर फिजिओथेरपिस्टकडे जाताना हे फोटो आणि घरातली स्लिपर दोन्ही सोबत घेऊन जा.